सहाव्या थरातली करडी खापरं

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते हाक मारायला कुणी वापरलं नाही. सगळे त्यांना नंबरकाका म्हणायचे. पुरातत्त्वाच्या विभागात बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: टेकाडावरून खणून आलेली, धुऊन वाळलेली खापरं घ्यायची, पाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा, तो वाळला की त्यावर बारीक टाकाने काळ्या शाईत नंबर घालायचा आणि वरून पुन्हा पॉलिश फिरवायचं. चराचं अक्षर आणि थराचा आकडा. बस्स. तुम्ही म्हणाल, एवढंच? अहो, एवढंच म्हणणाऱ्याला काकांनी टेबलाजवळ फिरकू दिलं नसतं. त्यांचं म्हणणं असं की मडकं फुटलं म्हणून काही बिघडत नाही, पुरातत्त्ववाल्यांचं पोट फुटक्या मडक्यांवरच चालतं. पण खापर कुठल्या थरातलं ते कळेनासं झालं, की ते खापर आणि रस्त्यावरचा खडा, दोघं सख्खे भाऊ.

आणि या माणसाला दिसेनासं झालं होतं.

एकदम नाही. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग समोरच्याचा चेहरा दूध सांडल्यासारखा. मोतीबिंदू आहे हे काकांना कळत होतं, न कळायला ते काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण त्यांचे वडील याच दुखण्यासाठी दवाखान्यात गेले होते, पट्टी सुटली तेव्हा होती तीही नजर गेली होती, आणि पुढची अकरा वर्षं ते भिंत चाचपत संडासाला जायचे. तो काळ वेगळा होता, आता अर्ध्या तासाचं काम असतं, हे सगळं काकांनी ऐकलं होतं. ऐकून काय होतं? ऑपरेशन शब्द कानावर आला की ते विषय बदलायचे. दुसरी भीती त्याहून मोठी. न दिसणाऱ्या माणसाला नंबर घालायला कोण ठेवील? म्हणून ते गप्प राहिले. टेबल खिडकीजवळ ओढून घेतलं, मोठं भिंग आणलं आणि "वय झालं की नाजूक काम सावकाशच करावं" असं म्हणायला सुरुवात केली. लोकांना ते पटलंसुद्धा.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक चर नेमून दिला होता. आपला चर आपण खणायचा, खापरं मोजायची, त्यांच्यावरून थरांचा क्रम आणि वय ठरवायचं आणि अहवाल द्यायचा. अर्धे गुण त्या अहवालाचे. 'ख' चर आला होता एका हडकुळ्या पोरीच्या वाट्याला. ती भली रुंद टोपी घालून फिरायची, म्हणून तिचं नाव टोपी. वर्गातही टोपी, जेवतानाही टोपी. काका म्हणायचे, "पोरी, झोपताना तरी काढतेस का?" त्यावर ती म्हणायची, "काका, तुम्ही झोपताना भिंग ठेवता का?" आणि दोघं हसायची. काकांचं हसू जरा लवकर संपायचं.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. बेलबॉटम पँट आठवते? आधी गावातल्या दोघा-चौघांनी घातली, मग ज्याच्या त्याच्या पायात तीच, मग कमी होत होत एखादा हट्टी म्हातारा तेवढा उरला. मडक्यांचंही तसंच. एक तऱ्हा हळूच येते, भरते, ओसरते, तोवर दुसरी आलेली असते. टोपीच्या चरात तीन मुख्य तऱ्हा होत्या. तळाशी जाड, भुसा कालवलेल्या मातीची. मधल्या थरांत कंगव्याने रेघा ओढलेली. आणि वर पातळ करडी, टिचकी मारली तर खणखणणारी. प्रत्येक थरासाठी आलेखाच्या कागदाची एक पट्टी कापायची आणि त्या थरात कुठली तऱ्हा शेकडा किती, तेवढ्या रुंदीचे काळे पट्टे तिच्यावर काढायचे. मग पट्ट्या टेबलावर वरखाली सरकवायच्या. क्रम जमला की प्रत्येक तऱ्हेचा आकार होडीसारखा दिसतो, टोकाला निमुळता, मध्ये फुगलेला. आता होडीचं कुठलं टोक जुनं आणि कुठलं नवं, हे पट्ट्या सांगत नाहीत. ते जमीन सांगते, कारण खालचा थर आधी पडलेला असतो. आणि करडी भांडी कधीपासून आली ते शेजारच्या टेकाडावर त्यांच्याबरोबर सापडलेल्या जळक्या दाण्यांवरून माहीत होतं: साधारण तेवीसशे वर्षं. म्हणजे ज्या थरात करडी, तो थर त्याहून जुना असूच शकत नाही.

टोपीच्या पट्ट्या जमेनात. शुक्रवारी सकाळपासून ती त्या सरकवत होती. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा थर, सगळे शहाण्यासारखे बसले. तिसरा आणि सहावा मात्र कुठेही ठेवा, कुरकुर. वरच्या तिसऱ्यात जुनी जाड खापरं चव्वेचाळीस. आणि खालच्या सहाव्यात एकतीस करडी, तीही वरच्या पाचव्यात एकही नसताना.

मॅडम आल्या. त्या विभागाच्या प्रमुख होत्या, कमी बोलायच्या, आणि म्हणून जे बोलायच्या ते जास्त लागायचं. त्यांनी पट्ट्या पाहिल्या. "सहाव्या थरात करडी कशी?"

"मलाही कळत नाहीये, मॅडम."

"मला कळतंय. वरून कुणीतरी जुन्या काळी खड्डा खणला होता. तो मातीच्या रंगात दिसला असणार आणि तू तो न बघता सरसकट खणलंस. दोन काळांची माती एका पिशवीत. हे पहिल्या वर्षाच्या मुलाने केलं तर मी समजू शकते."

टोपीचा आवाज बारीक झाला. "खड्डा नव्हता, मॅडम. मी रोज माती खरवडून बघत होते."

"मग उंदराने नेली वाटतं एकतीस खापरं? सोमवारपर्यंत सगळं पुन्हा मोज. हेच आकडे आले तर चर बिघडवला असं मी लिहीन."

खिडकीजवळ काकांनी मान वर केली नाही. त्यांना पोरीची कणव आली, एवढंच. त्यात आपला काही हात असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, शपथेवर सांगतो.

ते मनात आलं घरी गेल्यावर. बायको शिवणकाम करायची, घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन. काका चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी बसले होते.

"अहो, ते निळं रीळ द्या जरा."

काकांनी डब्यातून रीळ काढून दिलं.

"निळं म्हटलं मी. हे हिरवं."

त्यांनी दुसरं दिलं.

"हे पण हिरवं! काय हो, सासऱ्याच्या घरी आलाय का थट्टा करायला?" असं म्हणत तिने मान वळवली आणि नवऱ्याचा चेहरा पाहून तिचं हसू जागच्या जागी विरलं. काका दोन्ही रिळं उजेडात धरून बघत होते. दोन्ही सारखीच. दोन्ही मळकट, धड ना निळी, धड ना हिरवी. आणि काकांना विभागातल्या पिशव्या आठवल्या.

कारण खणलेल्या खापरांच्या पिशव्यांना विभागात रंगीत दोरी बांधायची पद्धत होती. प्रत्येक थराला एक रंग. पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी असायची, पण ती ओली होऊन चुरगळायची, आणि काकांना तर ती कित्येक महिन्यांत वाचता आली नव्हती. ते दोरीवरून ओळखायचे. नंबर पडला की चिठ्ठी केराच्या टोपलीत आणि दोरी पुढच्या पिशवीला. आणि 'ख' चरात तिसऱ्या थराला निळी दोरी होती. सहाव्याला हिरवी.

"देवा रे," काका म्हणाले. "मी घातलं ते. मी घातलं एकमेकांत."

त्या संध्याकाळी बायकोने त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं, डोळ्यांचं, दोरीचं, सगळं. ती रागावली, मग रडली, मग पुन्हा रागावली. "महिने न् महिने बायकोला सांगितलं नाहीत! मी काय परकी?"  काका मनातल्या मनात हिशेब करत होते. नोकरी गेली. अब्रू गेली. डोळे तर गेलेच. पाचावर धारण बसणे म्हणतात ना, ती काकांची बसली होती.

आता सरळ माणसाने काय करावं? सोमवारी जाऊन सांगावं. पण घाबरलेला माणूस सरळ नसतो. शनिवारी दुपारी विभागाला सुट्टी होती आणि किल्ली काकांकडेच असायची. बायकोला "पंपावर हवा भरून येतो" असं सांगून सायकल घेऊन ते निघाले, आणि थेट तिथे गेले.

तिसऱ्या आणि सहाव्या थराच्या पेट्या त्यांनी टेबलावर पालथ्या केल्या. चारशे बारा खापरं. डोळ्यांनी नाही, पण बोटांनी त्यांना सगळं कळत होतं. जाड खापरावर भुसा जळून गेल्याचे खळगे असतात, ते अंगठ्याला लागतात. करडं नखाने टिचकलं की वाजतं. सहाव्यातली एकतीस करडी त्यांनी काढली, तिसऱ्यातली चव्वेचाळीस जाड काढली. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन नंबर पुसले. मग भिंगाला डोळा लावून, श्वास रोखून, करड्यांवर तीन आणि जाडांवर सहा घातला. बाहेर रस्त्यावर फटफटी वाजली तरी त्यांचा टाक थांबायचा. एकदा फाटक करकरलं तेव्हा ते हातातल्या खापरासकट टेबलाखाली बसले. साठीला आलेला माणूस, टेबलाखाली! फाटक वाऱ्याने हललं होतं.

काम संपलं तेव्हा साडेपाच वाजले होते. काकांना वाटलं, सुटलो. पोरगीही सुटली.

सोमवारी टोपीने मोजलं, टक्के काढले, नव्या पट्ट्या कापल्या, आणि ती खुर्चीवरून उडालीच. "काका, बसलं! सगळं बसलं! शुक्रवारी मी काय झोपेत मोजत होते की काय?"

"होतं असं," काका म्हणाले. "दमली होतीस." हे म्हणताना त्यांनी भिंग पुसायला घेतलं.

दुपारी मॅडम आल्या. पट्ट्यांच्या होड्या सुरेख दिसत होत्या. मॅडम खूप वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी दार लावून घेतलं, आणि ते बघून काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तिसऱ्या थरात जाड खापरं किती?"

"एकही नाही, मॅडम."

"दुसऱ्यात?"

"पाच."

"चौथ्यात?"

"अकरा."

"वर पाच, खाली अकरा, आणि मध्ये शून्य." मॅडमचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "लोक पाया खणतात, खड्डे करतात, जुनी माती उचलून वर टाकतात. जुनी खापरं वरच्या थरांत थोडी येतातच. कुठल्याही टेकाडावर येतात. मातीला एवढं टापटीप राहता येत नाही. माणसाला येतं. शुक्रवारी चव्वेचाळीस होती, आज शून्य. कुठे गेली?"

"मॅडम, मी खरंच मोजलं..."

"शुक्रवारी मी म्हणाले होते चर बिघडवलास. बिघडवणं माफ आहे, माणूस शिकतो. आकडे बनवणं माफ नाही. उद्या अकरा वाजता चौकशी समितीसमोर ये. तुझं नाव मी आत्ताच कळवते आहे. वर्ष तर जाईलच, पुढे कुठल्या टेकाडावर तुला कुणी उभं करेल असं वाटत नाही."

टोपीने डोक्यावरची टोपी काढली. का काढली कोण जाणे. तिचे केस घामाने चिकटले होते आणि ती एकदम शाळकरी पोरीसारखी दिसायला लागली. ती काकांकडे वळली. "काका, तुम्ही सांगा ना. तुम्ही इथेच होता. मी काही केलं का?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. निष्काळजीपणाचं बालंट होतं, काकांनी ते धुता धुता खोटेपणाचं करून ठेवलं. आता तरी बोलावं की नाही? काकांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. खरंच आला नाही. मॅडम दार उघडून निघून गेल्या. टोपी पट्ट्या गोळा करायला लागली, तिच्या हातून त्या सारख्या खाली पडत होत्या, आणि काका डबा उचलून घरी आले. असा माणूस. राग येतो ना? मलाही येतो. पण खरं सांगा, तुम्ही असता तर?

घरी त्यांनी बायकोला शनिवारचंही सांगितलं. ती मशीन थांबवून ऐकत होती.

"मी गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही," काका म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमची मूठ झाकलेली राहील हो. त्या पोरीच्या तोंडाला काळं फासलंय त्याचं काय?"

"माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"मला भीती वाटते गं," काका म्हणाले, आणि लग्नाला तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा तिच्यासमोर रडले. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भिऊ नका असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "मलाही वाटते. सकाळी मी फाटकापर्यंत येते तुमच्याबरोबर."

मंगळवारी दहाला काका मॅडमच्या खोलीत उभे राहिले. टोपी आधीच तिथे बसली होती, डोळे सुजलेले. काकांनी टेबलाची कड धरली. मग त्यांनी सगळं सांगितलं. दोरीचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं. 

टोपी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते काकांना दिसलं नाही, आणि त्यांना न दिसल्याचं बरंच वाटलं असावं.

"मी पुन्हा लावून देतो, मॅडम," काका घाईघाईने म्हणाले. "बोटांना कळतं मला. या वेळी थोडी जाड वर ठेवतो, नीट बेताने..."

"काका!" मॅडमनी टेबलावर हात आपटला. "अहो, खापर बघून तुम्ही थर ठरवणार, आणि मग तीच खापरं बघून आम्ही थराचं वय ठरवणार? उत्तर आपणच लिहायचं आणि बरोबरची खूणही आपणच करायची? मग टेकाड कशाला खणायचं? घरी बसून होड्या काढू की!"

काकांनी मान खाली घातली. बावीस वर्षं हे काम करून त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. भीतीने अक्कल गहाण पडली होती.

मॅडम म्हणाल्या, "ती चारशे बारा खापरं गेली. त्यांना आता थर नाही. चिठ्ठ्या टाकून द्यायची पद्धत माझीच, म्हणून दोष थोडा माझाही." मग त्या टोपीकडे वळल्या. "चराची भिंत उभी आहे ना अजून?"

टोपीने डोळे पुसले. "आहे. थरांच्या रेघा दिसतात. खापरं बाहेर आलेली दिसतात."

"मग चल. समितीला मी निघायच्या आधी सांगते."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी टोपीने चराच्या भिंतीत अर्धा मीटर रुंद उभी खाच घेतली, वरून खाली, एकेक थर वेगळा, मॅडम काठावर खुर्ची टाकून बसलेल्या. धुणं तिने केलं, नंबर तिने घातले. काका खिडकीजवळच्या टेबलापाशी रिकामे बसून होते आणि टाक दौतीत बुडवल्याचा आवाज ऐकत होते. त्यांना घरी जा असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि बसा असंही कुणी म्हटलं नव्हतं. प्रत्येक वेळी दार वाजलं की त्यांना वाटायचं, आली आपली नोकरीवरून काढल्याची चिठ्ठी.

तिसऱ्या थरात अठ्ठावन्न खापरं निघाली: सतरा करडी, चार जाड, बाकी रेघांची. सहाव्यात एकोणपन्नास, करडं एकही नाही. खड्डा नव्हता. उंदीरही नव्हता. टोपीने दोन नव्या पट्ट्या कापल्या आणि जागेवर ठेवल्या. आकडे लहान होते, त्यामुळे होड्या जरा खडबडीत झाल्या, पण बसल्या. सहावा थर तेवीसशे वर्षांच्या मागे आपल्या जागी गेला.

"चांगलं खणलंस," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारचे माझे शब्द मी परत घेते. सोमवारचेसुद्धा."

टोपी ओंजळीत तोंड लपवून बसली. मग काकांजवळ आली. "सोमवारी मी विचारलं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत."

"नाही बोललो, पोरी."

"मी रात्रभर विचार करत होते, मला कोण खरं मानेल. मला फक्त तुम्हीच आठवत होता." एवढं बोलून ती आपल्या पट्ट्यांकडे परत गेली. काकांना वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मॅडमनी कोरा कागद काढला. चारशे बारा खापरं का वगळली, ते अहवालात लिहावं लागणार होतं. काकांनी सांगायचं, टोपीने लिहायचं, खाली काकांची सही.

"लिही," काका म्हणाले. "मला निळा आणि हिरवा रंग वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे 'ख' चराच्या तिसऱ्या आणि सहाव्या थराची खापरं मी एकमेकांत मिसळली. नंतर नंबर पुसून बदलले. मुलीला हे माहीत नव्हतं."

टोपीने लिहिलं. मॅडमनी वाचलं. "एकच राहिलं," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

 खोलीच्या तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर पेट्या. दर वर्षीच्या, दर चराच्या, प्रत्येक खापरावर काकांचा नंबर. त्या नंबरांवर दोघांचे प्रबंध झाले होते, एकाचं पुस्तक छापून आलं होतं.

काकांना कळलं की सगळं या एका शब्दावर आहे. 'यंदापासून' म्हटलं की झालं. एक चर, एक मुलगी, दोन थर, आणि ते निस्तरलंही होतं. ऑपरेशन करा, पुढच्या हंगामाला या, असं मॅडम म्हणाल्याही असत्या. सोमवारी त्यांच्या तोंडून आवाज आला नव्हता. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"गेल्या हंगामाच्या आधीपासून," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. जास्तच."

मॅडम खाली बसल्या. टोपीचा टाक कागदावर तसाच थांबला.

"दोन वर्षं," मॅडम म्हणाल्या. "काका, म्हणजे नऊ चर."

"हो. लिही, पोरी. दोन वर्षं."

टोपीने लिहिलं. तिने कागद काकांसमोर सरकवला, त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं, आणि काकांनी सही केली. अक्षर तिरकं गेलं. मॅडम उठल्या, स्टूल ओढून त्यावर चढल्या, आणि वरच्या फळीवरची पहिली पेटी त्यांनी खाली काढली.